परदेशी मित्राला नुसता हात पाठवण्याआधी: 🙏, 👍, 🤌 आणि इतर इमोजी नीट वापरण्याची पद्धत

वेरूळ-अजिंठ्याच्या निमित्ताने आपल्या संभाजीनगरात जगभरातून माणसं येतात. कुणाशी ओळख होते, नंबरांची देवाणघेवाण होते आणि पाहुणे परत गेले तरी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चालू राहतं. विद्यापीठात शिकायला आलेली येमेनची, इराणची मुलंही कुणाची वर्गमित्र असतात, कुणाची भाडेकरू. नांदेडला दर्शनाला आलेल्या कॅनडातल्या कुटुंबांशी मैत्री झालेली घरं मला माहीत आहेत. मी स्वतः पाहुण्यांना लेणी दाखवायचं काम करते, त्यामुळे माझ्या फोनवर अशा ओळखी भरपूर आहेत आणि त्यातले गोंधळही मी जवळून पाहिलेत.

या गोंधळांत एक गोष्ट सारखी दिसते. लांब संदेशात गडबड क्वचित होते. चार वाक्यं इंग्रजीत लिहिली, व्याकरण चुकलं, तरी समोरचा समजून घेतो. घोळ होतो तो एका इमोजीच्या उत्तरात, आणि त्यातही हाताच्या इमोजीत. कारण हाताच्या खुणा प्रत्येक मुलखाच्या आपापल्या आहेत आणि फोनवरचं चित्र मात्र सगळीकडे एकच. म्हणून हा लेख मुख्यतः हातांबद्दल आहे. चेहरे आणि भाज्या शेवटी थोडक्यात घेतल्या आहेत.

सोबत काय असावं

- मित्राबद्दल तीन गोष्टी: तो कुठला, साधारण किती वयाचा, आणि तुमच्याशी त्याचं बोलणं मोकळं आहे की अदबीचं.
- इमोजीचं अधिकृत नाव आणि वेगवेगळ्या फोनवरची त्याची रूपं पाहायला emojipedia.org ही साइट. इमोजी कॉपी करून तिथल्या शोधपट्टीत टाकला की सगळं समोर येतं.
- फोनच्या नोट्समध्ये तुमची नेहमीची पाच-सहा वाक्यं साध्या इंग्रजीत तयार: हो, येते. नाही, जमणार नाही. फोटो मिळाले, आभार. उद्या सांगते. हे रोज लागतं, आणि तयार असलं की घाईत इमोजीवर बोट जात नाही.

## 1. आधी पाहा, समोरच्याने प्रश्न विचारलाय का

उत्तर देण्याआधी त्याचा संदेश पुन्हा एकदा वाचा. त्यात प्रश्न असेल, वेळ ठरवायची असेल, पैशाचं काही असेल किंवा आमंत्रण असेल, तर पहिलं उत्तर शब्दांत द्या. इमोजी त्याच्यानंतर. नुसती गंमत चालली असेल, कुणी मांजराचा फोटो टाकला असेल, तर जे हवं ते पाठवा, काही बिघडत नाही.

हा नियम मी सगळ्यात वर ठेवला, कारण इमोजीचे देशोदेशीचे अर्थ पाठ करणं कुणालाच शक्य नाही. ते बदलतही राहतात. पण ‘हो’ किंवा ‘नाही’ हा एक शब्द आधी आला, की पुढचा हात काहीही अर्थाचा असो, उत्तर पोचलेलं असतं.

संदेशावर बोट दाबून धरून जी प्रतिक्रिया देतो, तिलाही हेच लागू. आपल्या मते ती ‘वाचलं’ची पावती असते. समोरचा तिला होकार समजू शकतो.

## 2. 🙏: आपला नमस्कार, त्यांचं काय?

आपण हा इमोजी किती कामांना लावतो ते आठवा. सकाळी राम राम, जय भीम, जय हरी, सगळ्यांपुढे 🙏. आभार मानायला 🙏. वाढदिवसालाही आणि श्रद्धांजलीलाही 🙏. बोलावणं स्वीकारताना ‘या, स्वागत आहे’ म्हणून 🙏, आणि कुणी फारच डोकं खाल्लं तर ‘बाबा रे, कोपरापासून नमस्कार’ म्हणूनही 🙏. आपल्याला यातला नेमका कोणता ते कळतं, कारण माणूस ओळखीचा असतो आणि प्रसंग माहीत असतो.

हा इमोजी मुळात जपानच्या मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचातला. 2010 मध्ये युनिकोडच्या 6.0 आवृत्तीत तो जगभरच्या फोनांसाठी आला. तिथे त्याचं नाव फक्त ‘हात जोडलेली व्यक्ती’ असं आहे. नमस्कार, प्रार्थना असं काही म्हटलेलं नाही. जपानी माणूस देवळात हात जोडतो, जेवणाआधी आणि जेवणानंतर जोडतो. मित्रांत मात्र हात जोडणं मुख्यतः दोन कामांना येतं: ‘एवढं काम कर ना, प्लीज’ आणि ‘माफ कर यार’. आभारालाही तो चालतो. भेटताना मात्र जपानी लोक वाकतात, हात जोडत नाहीत. म्हणजे आपल्याकडे सगळ्यात आधी येणारा अर्थ तिकडे जवळजवळ नाहीच.

अमेरिकेत बहुतेकांना 🙏 म्हणजे प्रार्थना वाटते. एखाद्याला टाळी देण्याचं चित्र समजणारेही आहेत; आयफोनवर पूर्वी या हातांमागे पिवळे किरण दिसायचे, त्यानेही तो समज वाढला. तुम्ही अमेरिकी मित्राला ‘फोटो मिळाले 🙏’ लिहिलं तर फार तर तुम्ही भाविक आहात असं त्याला वाटेल, नुकसान काही नाही. जपानी मित्राच्या बाबतीत मात्र खरोखर काम बिघडू शकतं. कसं, ते एका उदाहरणाने सांगते.

माझ्या भाचीची एका जपानी जोडप्याशी वेरूळला ओळख झाली होती. पुढच्या वेळी ते येणार होते तेव्हा त्यांनी इंग्रजीत लिहिलं:

> आम्ही रविवारी पोचतो. सोमवारी अजिंठा पाहायचा विचार आहे. तू आमच्यासोबत येशील का?

भाची तेव्हा कॉलेजच्या गडबडीत होती. तिने उत्तर दिलं: 🙏

तिच्या मनात ‘या की, नक्की येते’ असं होतं. तिकडून आलं:

> हरकत नाही! पुढच्या वेळी भेटू.

भाचीला वाटलं, त्यांचा बेतच रद्द झाला. त्यांनी वाचलं होतं ‘माफ करा, मला जमणार नाही’. हा अर्थ त्यांच्या बाजूने अगदी सरळ आहे: आमंत्रण आलं, उत्तरात फक्त जोडलेले हात, म्हणजे नम्र नकार. मग ते दोघे सोमवारी गाडी करून आपापले निघाले. शंभरेक किलोमीटर जाऊन फर्दापूरच्या फाट्यावर पोचले. खासगी गाड्या तिथेच लावून पुढे लेण्यांपर्यंत बसने जायचं असतं. तिथे त्यांना कळलं की अजिंठा सोमवारी बंद असतो.

संध्याकाळी त्यांनी हॉटेलवरून बंद फाटकाचा फोटो पाठवला, तेव्हा भाची माझ्याकडे आली. “मावशी, हे तर आलेत की! मला काहून नाही सांगितलं?” आम्ही दोघींनी मागचे संदेश वर सरकवून वाचले. ‘पुढच्या वेळी भेटू’ हे वाक्य नेमकं कशाला उत्तर म्हणून आलंय ते पाहिल्यावर सगळं उलगडलं.

तिथे काय लिहायला हवं होतं? साधारण असं:

> हो, मी येते. पण सोमवारी अजिंठा बंद असतो, आणि वेरूळ मंगळवारी. म्हणून आपण सोमवारी वेरूळ पाहू आणि मंगळवारी अजिंठा. सोमवारी सकाळी 8 वाजता हॉटेलवर येते. चालेल का? 🙏

यात 🙏 आहेच. काढायची गरज नाही, तो आपला आहे. फक्त होकार, वार, वेळ आणि ठिकाण शब्दांत आलंय, आणि शेवटी परत एक प्रश्न आहे. तो प्रश्न मुद्दाम ठेवा. त्याला उत्तर देताना समोरच्याला काय समजलं ते तुम्हाला कळतं.

इथे एक सापळा आहे. जपानी मित्राकडून 🙏 आला तर तो ‘नमस्कार’ समजून तुम्हीही उलट 🙏 पाठवून मोकळे होऊ नका. वरचं वाक्य वाचा. बहुतेक वेळा त्यात काहीतरी विनंती असते आणि तो उत्तराची वाट पाहत असतो.

आणि कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर जपानी मित्राला एकही इमोजी पाठवू नका. आपल्या ग्रुपवर 💐🙏 ची रांग लागते तिला आपण सांत्वन मानतो. तिकडे अशा वेळी चित्रं टाळण्याचा रिवाज आहे. दोन साधी वाक्यं लिहा.

## 3. 👍: होकार, पावती की अपमान

आपल्याकडे अंगठा म्हणजे ‘ठीक’. इराणमध्ये वर केलेला अंगठा ही जुनी शिवी आहे, पाश्चात्त्य देशांत मधलं बोट दाखवतात त्या तोडीची. इराक आणि अफगाणिस्तानातही जुन्या पिढीत तो अर्थ आहे. आता फोनवर तिकडची तरुण मुलं हाच 👍 आपल्यासारखाच ‘ठीक’ म्हणून सर्रास वापरतात, त्यामुळे वर्गमित्राला पाठवला तर तो चिडेल असं मुळीच नाही. पण त्याच्या वडिलांशी किंवा आजोबांशी बोलत असाल, व्हिडिओ कॉलवर त्यांना हाताने खूण करत असाल, तर अंगठा टाळा. इमोजीपेक्षा प्रत्यक्ष हाताची खूण जास्त लागते. कॉलवर छातीवर उजवा तळहात ठेवून किंचित मान झुकवली तर ती त्या भागात आदराची खूण आहे.

अंगठ्याचा दुसरा घोळ अपमानाचा नाही, व्यवहाराचा आहे, आणि त्याचं फार बोलकं उदाहरण कॅनडात आहे. आपल्या जवसाशीच त्याचा संबंध आहे.

सस्कॅचवान प्रांतात मार्च 2021 मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने एका शेतकऱ्याला 87 टन जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि लिहिलं, करार पक्का करा. शेतकऱ्याने उत्तरात 👍 पाठवला. माल नोव्हेंबरमध्ये द्यायचा होता. तोवर जवसाचे भाव चढले आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की अंगठ्याचा अर्थ ‘कागद मिळाला’ एवढाच होता, वाचून नंतर सांगणार होतो. जून 2023 मध्ये कोर्टाने तो होकार धरला आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई द्यायला लावली. डिसेंबर 2024 मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

कोर्टाने असं का धरलं, ते समजून घेण्यासारखं आहे. या दोघांचे आधीही करार झाले होते, आणि ते याच पद्धतीने: इकडून फोटो, तिकडून ‘ठीक दिसतंय’, ‘ओके’, ‘हो’ असं एका शब्दाचं उत्तर, आणि पुढे माल पोचलेला. म्हणजे अंगठ्याचा अर्थ ठरला तो शब्दकोशातून नाही, त्या दोघांच्या आधीच्या वागण्यातून. लातूरच्या आडतीत सोयाबीन-हरभऱ्याचे सौदे आता फोनवर ठरतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. मित्रांतही ते लागू आहे. तुम्ही आजवर प्रत्येक वेळी 👍 पाठवून काम केलं असेल, तर एखाद्या वेळी ‘नुसतं वाचलं’ म्हणून पाठवलेला 👍 सुद्धा तो होकारच समजणार.

म्हणून दोन वेगळी वाक्यं नोट्समध्ये ठेवा: ‘मिळालं, वाचून संध्याकाळी सांगते’ आणि ‘हो, मला मान्य आहे’. कॅनडातल्या त्या शेतकऱ्याचं सगळं म्हणणं या पहिल्या वाक्यात बसलं असतं.

## 4. 🤌 आणि 👌: ‘एक नंबर’ म्हणून पाठवलेली बोटं

जेवणाच्या फोटोखाली हे दोन आपल्याकडे भरपूर येतात. पाची बोटं एकत्र केलेला 🤌 हा 2020 मध्ये युनिकोडच्या 13.0 आवृत्तीत आला. आपल्याकडे हाताचा असा चिमटा तोंडाकडे नेला की ‘जेवण’, आणि चित्रात तर तो ‘झकास, चव बघा’ असाच दिसतो. त्यामुळे पोरं हुरड्याच्या फोटोवरही 🤌 आणि नान-खलियाच्या फोटोवरही 🤌 टाकतात.

इटलीत ही खूण अगदी रोजची आहे. तिचा अर्थ: ‘काय म्हणायचंय तुला?’, ‘हे काय चाललंय?’ हात वरखाली हलला की त्यात वैतागही येतो. अरब देशांत हीच खूण म्हणजे ‘थांब जरा, धीर धर’.

आता एकच प्रश्न घ्या. मित्र विचारतो: ‘रात्री जेवायला येऊ का?’ तुम्ही पाठवता 🤌, मनात असतं ‘ये ना, मस्त बेत आहे’. इटलीच्या मित्राला ते ‘हे काय बोलतोयस?’ असं वाटू शकतं. येमेनचा मित्र ‘थांब, इतक्यात नको’ असं वाचून कळवण्याची वाट पाहत खोलीवर बसेल. गंमत अशी की तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. इथेही उपाय तोच: ‘हो, ये. 8 वाजता.’ मग हवा तर 🤌.

👌 ची गोष्ट थोडी वेगळी आहे. अंगठा आणि तर्जनीचा गोल ब्राझीलमध्ये हाताने दाखवणं अश्लील मानलं जातं. तुर्कस्तानात त्या गोलाने समलिंगी माणसाला हिणवतात. फ्रान्समध्ये गोल म्हणजे शून्य, ‘काही कामाचं नाही’ असाही निघतो. जपानमध्ये तळहात वर करून तो गोल केला की पैसे. फोनवरचा 👌 बहुतेक ठिकाणी ‘ओके’ म्हणूनच वाचला जातो, पण तुम्ही मित्राला स्वतःचा हात असा करून फोटो पाठवत असाल, तर वरचे अर्थ जागे होतात.

अमेरिकेत याला आणखी एक पदर आहे. 2017 मध्ये इंटरनेटवर काही जणांनी खोडसाळपणे अशी हूल उठवली की हा गोल गोऱ्यांच्या वर्चस्वाची खूण आहे. मग खरोखरचे वर्णद्वेषी लोकही ती खूण करू लागले. 2019 मध्ये अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने तिचा द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत समावेश केला, आणि बहुतेक वेळा तिचा अर्थ साधा ‘ओके’ असतो हेही त्याच नोंदीत सांगितलं. म्हणून अमेरिकी मित्राने पाठवलेल्या 👌 वर संशय घेऊ नका. तुमच्या ग्रुप फोटोत मात्र सगळ्यांनी तोच गोल करून उभं राहणं टाळा, कारण फोटो पुढे कुठे फिरेल ते आपल्या हातात नसतं.

## 5. स्वतःचे फोटो आणि शुभेच्छापत्रं

बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढताना दोन बोटं वर करायची आपल्या पोरांना हौस असते. ✌️ या इमोजीत तळहात समोर दिसतो, तो सगळीकडे चालतो. पण फोटोत घाईने हात उलटा झाला, म्हणजे हाताची पाठ कॅमेऱ्याकडे आली, तर इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या माणसाला ती शिवी दिसते. फोटो पाठवण्याआधी बोटं कशी आहेत एवढं बघा.

जास्त जपायचं आहे ते दिवाळी-पाडव्याच्या चित्रांत. लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छांत पणती असते, कमळ असतं आणि बहुतेक वेळा स्वस्तिक असतं. ते आपल्या उंबऱ्यावरचं, वहीपूजनाचं चिन्ह आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण जर्मनीत नाझींची चिन्हं सार्वजनिकरीत्या वापरण्यावर आणि पसरवण्यावर दंडसंहितेच्या कलम 86 अ नुसार बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. शिक्षण, कला, इतिहास यांसाठी त्यात सूट आहे. तुम्ही एका मित्राला खासगीत पाठवलेलं दिवाळीचं चित्र म्हणजे नाझी प्रचार होत नाही. अडचण मित्राची होते: लोकलमध्ये बसून त्याने फोन उघडला आणि शेजाऱ्याला ते दिसलं, किंवा प्रेमाने त्याने ते आपल्या स्टेटसला लावलं, तर खुलासा करत बसण्याची वेळ त्याच्यावर येते. इस्रायलमधल्या किंवा कुठल्याही ज्यू मित्राला तर ते पाहून आधी धक्काच बसेल.

त्यामुळे परदेशी मित्रांसाठी पणती 🪔 असलेलं चित्र वेगळं ठेवा. आणि मित्र जवळचा असेल, त्याला आपल्या सणाबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल, तर स्वस्तिकाचा फोटो पाठवताना आधी दोन ओळी लिहा: हे आमच्या दाराशी रांगोळीत काढतात, शुभ मानतात, आणि ते फार जुनं आहे. आधी ओळी, मग फोटो. उलटं केलं तर तुमचं स्पष्टीकरण वाचायच्या आधीच त्याच्या मनात काय यायचं ते येऊन गेलेलं असतं.

## 6. चेहरे आणि भाज्या, थोडक्यात

🙂 चीनमधल्या, विशेषतः तरुण मित्राला हे साधं हसू पाठवू नका. तिकडे ते ‘तुझ्याशी बोलायची इच्छा नाही’ किंवा खोचक, थंड हसू वाटतं. दात दिसणारं हसू पाठवा.

😪 हे रडणं नाही. नाकाशी आलेला तो फुगा जपानी चित्रकथांत गाढ झोपेची खूण आहे. दुःखाच्या बातमीवर हा पाठवाल तर जपानी मित्राला ‘झोप आली’ असं दिसेल.

😤 आपल्याला राग दिसतो. युनिकोडमध्ये त्याचं मूळ नाव विजयाचा आविर्भाव असलेला चेहरा असं आहे. जपानी मित्राने परीक्षा पास झाल्यावर हा पाठवला तर तो चिडलेला नाही, छाती फुगवून सांगतोय.

🍆 वांगं. भरताचा बेत सांगताना हे आपसूक जातं. पाश्चात्त्य देशांतल्या तरुणांत हे पुरुषाच्या लिंगाचं चिन्ह आहे, इतकं की 2015 मध्ये इन्स्टाग्रामने या इमोजीचा हॅशटॅग शोधण्यावर बंदी घातली होती. 🍑 म्हणजे नितंब. ‘आज रात्री घरी ये 🍆🔥’ हा संदेश तुम्ही चुलीवर भाजलेल्या वांग्यासाठी लिहिलाय, हे लंडनच्या मैत्रिणीला कळायचं काही कारण नाही. भरताचा फोटो पाठवा, किंवा शब्दात लिहा.

चेहऱ्यांच्या बाबतीत आणखी एक: तुम्ही पाठवलेलं चित्र आणि त्याला दिसणारं चित्र एकच असेल असं नाही. फोन पाठवतो तो फक्त एक क्रमांक. चित्र ज्याचा त्याचा फोन काढतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना एकाच कंपनीचं अगदी तेच चित्र दाखवलं, तरी ते आनंदाचं की वाईट यावर चारातल्या एका वेळी मतभेद निघाला. चित्र वेगवेगळ्या फोनांचं असेल तर मतभेद वाढतात. तेव्हापासून कंपन्यांनी चित्रं बरीच एकसारखी केली आहेत, पण मित्राचा फोन जुना असेल तर emojipedia.org वर त्याच्या कंपनीचं रूप एकदा बघून घ्या.

## 7. गैरसमज झालाय हे कसं ओळखावं आणि काय करावं

मित्र सहसा थेट विचारत नाही. लक्ष ठेवायच्या खुणा अशा: त्याने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला, तुम्ही होकार दिला असताना त्याने ‘हरकत नाही’ लिहिलं, मोकळं बोलणारा एकदम अदबीने लिहू लागला, किंवा नुसतं ‘?’ आलं. यातली दुसरी खूण सगळ्यात पक्की आहे. ‘हरकत नाही’ हे नकाराला दिलेलं उत्तर असतं. तुम्ही नकार दिलाच नसेल, तर तुमच्या आधीच्या संदेशात त्याला नकार दिसलाय.

अशा वेळी हे करा:

1. इमोजी पुसून टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश काढला की ‘संदेश हटवला’ अशी ओळ मागे राहते आणि संशय वाढतो. पाठवून पंधरा मिनिटं झाली नसतील तर तोच संदेश संपादित करून पुढे शब्द घाला. बदलल्याची खूण दिसते, पण अर्थही दिसतो.
2. त्याच संदेशाला रिप्लाय देऊन लिहा: ‘आमच्याकडे या चित्राचा अर्थ “या, स्वागत आहे” असा होतो. मी हो म्हटलं होतं.’ एवढं पुरे. लांबलचक माफी मागत बसलात तर त्याला वाटतं प्रकरण गंभीर आहे.
3. त्याला विचारा की त्याच्याकडे याचा अर्थ काय होतो. लोक हे आनंदाने सांगतात, आणि जो अर्थ तो सांगेल तो त्याच्या गावचा, त्याच्या वयाचा असतो. कुठल्याही यादीपेक्षा तुमच्या कामाचा.
4. त्याने सांगितलेला अर्थ त्याच्या नावाखाली नोट्समध्ये टाका. फोनच्या संपर्कयादीतही टिपणाची जागा असते, ती वापरा.

वार, वेळ किंवा पैशाचं काही बिघडलं असेल तर इतकं लिहीत बसू नका. सरळ फोन लावा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे रात्रीचे साडेदहा. तेवढं पाहून लावा.